डायलिसिसवर अंगाला खाज सुटते, काय करायचं? खुर्चीवर बसल्या बसल्या विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे राजेंद्र नगर, रामबाग, सुदामा नगर अशा भागांतले बरेच मराठी पेशंट येतात, आणि मशीन लागलं की पुढचे चार तास गप्पाच गप्पा. त्यात बीपी आणि पाण्याच्या खालोखाल सगळ्यात जास्त विचारलं जातं ते खाजेबद्दल. दर वेळी तेच सांगते म्हणून एकदा लिहूनच टाकते. हे मुख्यतः हीमोडायलिसिसवाल्यांसाठी आहे, आणि यातली औषधं वाचून स्वतःच मेडिकलवरून आणायची नाहीत, आपल्या नेफ्रोलॉजिस्टना दाखवून घ्यायची.

किडनी खराब झाली तर खाज का सुटते? रक्त अशुद्ध झालं म्हणून का?

थोडंफार तसंच, पण तेवढंच नाही. किडनी जो कचरा रोज बाहेर टाकायची तो अंगात साचतो, हे एक. मग त्वचा कोरडी पडते, कारण या आजारात घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी नीट काम करत नाहीत, म्हणून पिंडऱ्या बघा, माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात. फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेले असू शकतात. अंगात बारीक सूज कायम धुमसत असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही, ते म्हणजे नसाच बिघडतात. खाजेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसा विनाकारण निरोप पाठवत बसतात. शरीरात स्वतःची अफूसारखी रसायनं असतात, त्यांच्या एका प्रकारानं खाज वाढते आणि दुसऱ्यानं दबते, त्या दोघांचा तोल जातो.

आता यातलं कुणाला किती लागू, ते वेगवेगळं. म्हणूनच शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना ज्यानं आराम पडला त्यानं तुम्हाला पडेलच असं नाही.

ही खाज किडनीचीच आहे हे कसं ओळखायचं?

किडनीच्या खाजेत आधी पुरळ येत नाही. आधी खाज येते, आणि जे काही दिसतं ते खाजवल्यामुळे दिसतं, म्हणजे ओरखडे, खपल्या, कधी वर्षानुवर्षं खाजवून झालेल्या कडक काळ्या गाठी. बहुतेकांना दोन्ही बाजूंना सारखी येते, पाठीवर जास्त, मग हात, पोट, पाय, काहींना डोक्यात पण. रात्री वाढते, गरम झालं की वाढते. पाठीच्या मधोमध जिथे हात पोचत नाही तिथली त्वचा साफ असेल आणि आजूबाजूला ओरखडे असतील, तर समजायचं की हे सगळं नखांचं काम आहे.

आता उलट खुणा. घरात अजून कुणाला खाज सुटलीय, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला बारीक पुरळ आहे, तर ती खरूज असू शकते, आणि तिच्यावर मॉइश्चरायझर थापून काही होणार नाही, अख्ख्या घरानं एकदम औषध लावावं लागतं. फक्त फिस्टुलाच्या हाताला, चिकटपट्टीच्याच आकाराची लाल खाज असेल तर ती पट्टीची ॲलर्जी, आम्हाला सांगा, पट्टी बदलून बघतो. नवीन गोळी सुरू झाल्यावर आठवड्याभरात अंगभर लाल चट्टे आले तर गोळीवर संशय. डोळे पिवळे दिसत असतील, किंवा हेपेटायटिस सी चा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला असेल, तर लिव्हर तपासायचं. थायरॉइड आणि लोह कमी असण्यानंही खाज येते. डॉक्टर हे आधी बघतात, बघत नसतील तर आठवण करून द्यायला लाजू नका.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतात "होतं थोडंफार". मग काय सांगायचं?

आकडा सांगायचा. "खूप खाज येते" हे वाक्य राउंडला विरून जातं, कारण डॉक्टरांच्या हातात फाईल असते आणि त्यात बीपी १७०, वजन तीन किलो जास्त असे आकडे असतात, आणि आकडा दिसला की माणूस थांबतो. म्हणून रोज सकाळी स्वतःला विचारा, गेल्या २४ तासांत सगळ्यात वाईट खाज किती होती, ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं, बस्स. ३ पर्यंत सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ आणि त्याच्या वर तीव्र असं साधारण धरतात, आणि कुठल्याही उपायानं आकडा निदान ३ नं उतरला तर तो उपाय खरंच कामाचा आहे असं मानतात. सोबत झोपेचं पण लिहा, रात्री किती वेळा जाग आली.

आपल्याकडे एक अडचण आहे, लोक सांगतच नाहीत. बारा देशांमधल्या डायलिसिस पेशंटच्या मोठ्या अभ्यासात दहातले साधारण चार जण मध्यम ते खूप खाजेनं बेजार निघाले होते, आणि अशाच पुढच्या एका अभ्यासात जे जवळजवळ सतत खाजवत होते त्यांच्यातल्याही काहींनी हे कुठल्याच डॉक्टर-नर्सला सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडच्या एक काकू तर म्हणाल्या, "अगं किडनीचं एवढं मोठं चाललंय, त्यात खाजेचं काय सांगायचं." काकू रोज रात्री नुसत्या तीन तास झोपत होत्या.

सेट्रिझिन खातोय, आराम का नाही?

कारण पित्त उठतं तेव्हाची खाज हिस्टामिनची असते आणि सेट्रिझिन हिस्टामिनला अडवते, पण किडनीची खाज बहुतेक हिस्टामिनची नसतेच. गोळी चुकीच्या दारावर थापा मारतेय. काहींना वाटतं की फरक पडला, तो बऱ्याचदा झोप लागल्याचा असतो. आणि सेट्रिझिन किडनीतूनच बाहेर जाते, म्हणून किडनी बंद असणाऱ्यांना डोस कमी ठेवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. पाच-सहा महिने रोज खाऊन आकडा जागचा हलला नसेल, तर डॉक्टरांना विचारून बंद करा, उगीच गोळ्यांच्या डब्यात एक जास्तीची.

अंगाला काय लावायचं? खोबरेल चालेल का?

चालेल, काहीच न लावण्यापेक्षा शंभर पट बरं. पण मला विचाराल तर आधी पाणी धरून ठेवणारी क्रीम, म्हणजे ग्लिसरीन आणि पॅराफिनवाली, वास नसलेली साधी. एका अभ्यासात ग्लिसरॉल १५ टक्के आणि पॅराफिन १० टक्के असलेल्या मलमानं डायलिसिसवाल्यांचा कोरडेपणा आणि खाज दोन्ही कमी झाली होती. महाग ब्रँड नको, बाटलीच्या मागे ग्लिसरीन वर लिहिलंय का बघा आणि सुगंध नको.

चूक होते ती मात्रेत. लोक वाटाण्याएवढी क्रीम घेतात आणि दोन्ही पाय उरकतात. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एकदा लावायला २० ते ३० ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावलं तर १०० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी. तुमची ट्यूब महिनाभर पुरतेय ना, मग ती लावलेली नाही, दाखवलेली आहे अंगाला. म्हणून मोठा डबा आणा, तो स्वस्त पण पडतो.

वेळ महत्त्वाची. आंघोळ झाली की टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत लावायचं, वरून खालच्या दिशेनं, केसांच्या दिशेनं. दुसऱ्यांदा झोपताना. पाठीला घरातल्या कुणीतरी लावून द्यायला पाहिजे, कारण खाज तिथेच जास्त आणि हात पोचत नाही, आणि एकटे राहणारे काका मंडळी पाठ तशीच सोडून देतात. आपल्याकडे डिसेंबरात हवा इतकी कोरडी असते आणि एप्रिल-मे मध्ये लू चालते, या दोन्ही वेळी तिसऱ्यांदा लावा. युरिया १० टक्केवाली क्रीम खवल्यासारख्या पिंडऱ्यांवर मस्त काम करते पण ओरखड्यांवर लावली तर झोंबते, तिथे नको.

दोन गोष्टी सांभाळा. डायलिसिसला येताना फिस्टुलाच्या हाताला काही लावू नका, सुई टोचायची जागा धुवून साफ करावी लागते आणि चिकटपट्टी तेलकट कातडीवर टिकत नाही, मशीन चालू असताना पट्टी सुटली तर गोंधळ. दुसरं, पॅराफिन कपड्यांत मुरलं की ते कपडे पटकन पेटतात, त्यामुळे देवापुढे समई लावताना, गॅसजवळ, आणि बिडी-सिगरेट ओढणारे असाल तर फार जपून.

कडुनिंबाचं पाणी, डेटॉल, पावडर?

डेटॉल नको, त्वचेचं उरलंसुरलं तेल धुऊन जातं. पावडर कोरडं करते, तीही नको. कॅलामाइन लावलं की गार वाटतं पण वाळल्यावर त्वचा आणखी सुकवते. कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ एखाद्या वेळी केली तर काही बिघडत नाही, पण उकळतं पाणी घ्यायचं नाही, कोमट, आणि दहा मिनिटांच्या आत आटपायचं. गरम पाण्यानं अंगावर जे सुख वाटतं ते दहा मिनिटांचं असतं आणि अर्ध्या तासात खाज दुप्पट.

मेडिकलवाला जी "खाजेची क्रीम" देतो ना, दाद-खाज-खुजलीवाली, त्यात बऱ्याचदा जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग महिनोन् महिने अंगभर चोपडल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते. ती नको. जिथे खाजवून एक्झिमासारखं लाल झालंय तिथे थोडे दिवस स्टिरॉइड डॉक्टर स्वतः देतात, ते वेगळं.

डायलिसिस वाढवलं तर खाज कमी होते का?

जर डायलिसिस कमी पडत असेल तर हो. आणि इथेच मी जरा लांब सांगणार, कारण माझं स्वतःचं मत आहे की क्रीम-गोळीच्या आधी हे तपासायला पाहिजे आणि बहुतेक वेळा हेच राहून जातं.

आमच्याकडचे एक काका, रिटायर बँकवाले, शुगर जुनी, वय ६१. आठवड्यातून दोनदा यायचे. एकदा आत्याकडून आलेली लाकडी पाठखाजवणी घेऊनच आले, मशीनवर बसून पण तीच चालू. शर्ट काढला तर बनियनला आतून रक्ताचे ठिपके. मी म्हटलं काका आकडा, तर म्हणाले आठ. फाईलमध्ये सेट्रिझिन सोडून काहीच लिहिलेलं नाही.

आम्ही यूआरआर काढला, म्हणजे डायलिसिसनं युरिया किती टक्के उतरला ते. सुरू करताना युरिया १४०, संपवताना ५६. म्हणजे ८४ उतरला, ८४ भागिले १४०, म्हणजे ६० टक्के. आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांचा निदान ६५ टक्के असायला हवा, आणि काका तर फक्त दोनदाच यायचे, लघवी पण जवळजवळ बंद झालेली, म्हणजे दुहेरी कमी. (केटी/व्ही म्हणून दुसरा एक आकडा रिपोर्टवर असतो, तीनदावाल्यांसाठी तो १.२ च्या खाली नको, १.४ च्या आसपास ठेवतात, गोष्ट तीच.) एक टिप, संपवतानाचं रक्त घाईत घेतलं तर हा आकडा फसवतो. पंप मंद करून, काही सेकंद थांबून घ्यायचं असतं, नाहीतर नुकतंच साफ झालेलं रक्तच सँपलमध्ये येतं आणि रिपोर्ट विनाकारण सुंदर दिसतो. तुमचा यूआरआर भारी आहे पण खाज आणि भूक दोन्ही वाईट, तर सँपल कसं घेतलं हे विचारा.

मग शोधलं की कमी का पडतंय. कागदावर चार तास, पण मुलाला ऑफिसला जायचं म्हणून काका दर वेळी अर्धा तास आधी उठायचे, आणि "अहो आजच्या दिवस सोडा ना" म्हणून आम्हीही सोडायचो, ही आमचीही चूक. रक्ताचा पंप मिनिटाला २२० मिलीवर चालायचा, कारण ३०० केला की अलार्म वाजायचा, आणि कुणीतरी पंप कमी करून अलार्म गप्प केला होता. बघितलं तर सुई बारीक, १७ गेजची, आणि दोन्ही सुया इतक्या जवळ की साफ झालेलं रक्त परत तिथूनच ओढलं जायचं. डॉक्टरांनी डॉप्लरनं फिस्टुला तपासून घेतला, तो चांगला होता. मग जरा जाड, १६ गेजची सुई, दोन सुयांत जास्त अंतर, पंप ३००, चार तास पूर्ण, आणि तिसरा दिवस. तिसऱ्या दिवसाचं घरच्यांना पटवायला दोन आठवडे लागले, खर्च आहे, येणं-जाणं आहे, मला समजतं ते. आयुष्मान कार्डात बसत असेल तर तेही विचारून घ्या, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

महिन्यानं परत युरिया १२८ वरून ४० वर, म्हणजे ६९ टक्के. त्याच काळात काकू रोज दोनदा पाठीला क्रीम लावत होत्या. आठचा आकडा सहा आठवड्यांत पाचवर आला. यातलं क्रीमचं किती आणि डायलिसिसचं किती, ते मला नाही सांगता येणार, दोन्ही एकदम केलं.

पण एक लक्षात ठेवा. डायलिसिस आधीच पुरेसं होत असेल, यूआरआर ७२ वगैरे असेल, तर ते आणखी वाढवून खाज फारशी उतरते असं दिसत नाही. तेव्हा "अजून जोरात चालवा" म्हणून काही होणार नाही, दुसरीकडे शोधावं लागतं. मोठी छिद्रं असलेला फिल्टर, ज्याला हाय-फ्लक्स म्हणतात, त्यानं मोठ्या आकाराचा कचरा जास्त निघतो आणि काहींना बरं वाटतं, पण अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. खिशाला परवडत असेल तर डॉक्टरांशी बोला, नसेल तर आधी वरचं सगळं.

फॉस्फरस वाढलाय म्हणे, त्याचं काय?

काकांचा ७.४ होता. साधारण ५.५ च्या आत, जमेल तितका नॉर्मलच्या जवळ आणायचा प्रयत्न असतो. काकांच्या गोळ्या बघितल्या तर फॉस्फरस धरणारी सेवेलेमर ते सकाळी उपाशीपोटी, बाकी गोळ्यांसोबत एकदम घेत होते. ती गोळी पोटात जाऊन जेवणातला फॉस्फरस पकडते, पोटात जेवणच नसेल तर ती काय पकडणार? घासासोबत घ्यायची, आणि ज्या जेवणात दूध-पनीर-डाळ जास्त, त्याच्यासोबत नक्की. पोह्यांसोबतची सकाळची गोळी वेगळी, जेवणाची वेगळी, डबे वेगळे करून ठेवा.

आणि आपण इंदूरवाले, खाण्याचं काय बोलायचं. सराफ्यातली रबडी, मावाबाटी, पनीरची भाजी, यात फॉस्फरस आहेच, पण कधीतरी चमचाभर चालतं. खरी गडबड डबाबंद वस्तूंची, कोला, प्रोसेस्ड चीज, पाकिटातले पदार्थ, कारण त्यात मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ पूर्ण अंगात शिरतो, डाळीतला तेवढा शिरत नाही. म्हणून मी डाळ एकदम बंद करा असं कधीच सांगत नाही, डायलिसिसवाल्याला प्रोटीन लागतंच.

पॅराथायरॉइड हार्मोन खूप चढलेला असेल तर त्याचं औषध डॉक्टर देतात. नुसता जरासा वाढलेला असेल तर खाजेचा सगळा दोष त्याच्या माथी मारू नका, डायलिसिसवर तो नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट चालवून घेतात.

गॅबापेंटिन लिहून दिलीय. नेटवर बघितलं, ही तर फिट्सची गोळी!

हो, फिट्ससाठी निघाली, पण नसांच्या खोट्या निरोपांना शांत करते म्हणून खाजेवर चालते. २००४ साली एक छोटा अभ्यास झाला होता, २५ पेशंट, डायलिसिसनंतर ३०० मिलिग्रॅम, आणि खाजेचा आकडा दहातल्या ८.४ वरून १.२ च्या आसपास आला. सगळ्यांना एवढी जादू होत नाही, पण मी बघितलेल्यांत ज्यांचा आकडा खाली आला ते जास्त करून हिच्यावरच.

डोस मात्र जपून, कारण ही पूर्णपणे किडनीतून बाहेर जाते आणि तुमची किडनी तर रजेवर. म्हणून साधारण १०० मिलिग्रॅमनं सुरुवात, तेही डायलिसिस संपल्यावर, म्हणजे आठवड्यातून तीनदाच. लागलं तर हळूहळू ३०० पर्यंत. डायलिसिसच्या आधी घेतली तर मशीन ती काढून टाकतं. प्रीगॅबालिनचंही तसंच, छोटा डोस, सांभाळून.

हे एवढं का सांगतेय, तर एक ताई आल्या होत्या, पायांना मुंग्या येतात म्हणून दुसरीकडे कुठेतरी दाखवलं आणि ३०० ची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली, किडनीचं सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसून झोपत होत्या, हात मध्येच झटके मारत होते, नातवाचं नाव आठवेना. घरचे घाबरले, लकवा समजले. गोळी बंद केली, डायलिसिस केलं, दोन फेऱ्यांनंतर ताई नीट. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य, "मी डायलिसिसवर आहे." गोळी सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा, कुणाला तरी हाक मारा, चक्कर येते.

काकांना हीच १०० ची सुरू केली, तेव्हा त्यांचा आकडा पाच होता.

नवीन इंजेक्शन आलंय म्हणतात?

डायफेलिकेफॅलिन नावाचं. अंगातल्या ज्या अफूसारख्या रसायनांचा तोल गेल्याचं वर लिहिलं, त्यातली खाज दाबणारी बाजू हे औषध जोमात आणतं. अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, डायलिसिस संपताना लाइनमधूनच देतात. त्याच्या मोठ्या अभ्यासात साधारण निम्म्या पेशंटचा आकडा ३ किंवा जास्त उतरला, खोटं औषध घेणाऱ्यांमध्ये चारातल्या एकापेक्षा थोडे जास्त. म्हणजे चांगलं आहे, पण सगळ्यांसाठी नाही, निम्म्यांसाठी आहे. जपानमध्ये याच जातीची नालफ्युराफिन नावाची गोळी २००९ पासून आहे. आमच्या सेंटरमध्ये अजून कुणाला दिलेलं नाही, म्हणून अनुभव सांगत नाही.

प्रकाशाचा उपचार पण आहे, यूव्हीबी किरण, त्वचारोग विभागात आठवड्यातून दोन-तीनदा उभं करतात, कित्येक आठवडे. सत्तरच्या दशकापासून चालू आहे. ज्यांना लवकरच ट्रान्सप्लांट होणार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना सांगा, कारण नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालतात आणि मग त्वचेच्या कॅन्सरची भीती वाढते. घरी गच्चीवर उन्हात बसणं म्हणजे हा उपचार नाही, इंदूरच्या मे महिन्यात तर नाहीच नाही.

मशीन लागलं की लगेच खाज वाढते, हे काय?

दोन वेगळ्या गोष्टी. हळूहळू, तास-दोन तासांनी वाढत असेल तर बहुतेक तुमचीच नेहमीची खाज आहे, बसून राहिलं की लक्ष तिथेच जातं आणि अंग गरम होतं. मग आम्ही मशीनचं पाणी थोडं गार करतो, ३७ ऐवजी ३५.५ च्या आसपास, काहींना बरं वाटतं, पांघरूण घेऊन या मात्र, थंडी वाजते.

पण सुरू होऊन पाच-दहा मिनिटांतच खाज, अंगाला जळजळ, छातीत दाब, श्वास लागणं असं झालं तर गप्प बसू नका, लगेच ओरडून हाक मारा. फिल्टरची किंवा त्यातल्या औषधाची रिॲक्शन असू शकते आणि मशीन थांबवावं लागतं. नवीन फिल्टर सलाइननं नीट धुतला का, हे विचारण्यात लाज कसली.

ट्रान्सप्लांटनंतर जाते का?

बहुतेकांची जाते, नवीन किडनी नीट चालली की आठवड्या-महिन्यांत. पण त्याच्यासाठी लागतील ती वर्षं पाठ खाजवत काढायची गरज नाही.

नखांचं काय? हात आवरतच नाही.

कापा, शुक्रवार-शनिवार न बघता कापा. रात्री सुती मोजे हातात घालून झोपा, वेडं वाटतं पण झोपेतले ओरखडे वाचतात. खाज आली की खाजवण्याऐवजी तळहातानं दाबा किंवा गार ओलं फडकं ठेवा. जखम लाल, गरम, पू आलेली दिसली, किंवा ताप आला, तर थांबू नका, फिस्टुलाच्या किंवा गळ्यातल्या लाइनच्या जवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा, तिथून इन्फेक्शन थेट रक्तात जातं.

काकांचा आकडा गॅबापेंटिनच्या चार आठवड्यांनी दोनवर आला, मधे एकदा पनीर-पार्टी झाली तेव्हा चार झाला होता. पाठखाजवणी आता आमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, त्यांनी ती परत नेली नाही.